गुणतक्त्यातून प्रगतिपत्रक

पहिल्या सत्राची परीक्षा संपली की वर्गशिक्षकांच्या हाती एक रुंद तक्ता येतो. डावीकडे मुलांची नावे, वर विषय आणि प्रत्येक नावापुढे गुणांची लांबच लांब ओळ. शाळेच्या कामाला हा तक्ता सोयीचा असतो, कारण एका विषयात वर्ग कुठे आहे ते एका रकान्यावरून नजर फिरवली की कळते. पालकांना मात्र वर्ग पाहायचा नसतो, आपले एक मूल पाहायचे असते. म्हणून प्रगतिपत्रकात तोच मजकूर आडव्याचा उभा करावा लागतो. तक्त्यातली एका मुलाची ओळ म्हणजे एक पूर्ण पान होते, तक्त्यातले रकाने त्या पानावरच्या विषयांच्या ओळी होतात, प्रत्येक ओळीला श्रेणी लागते, खाली शिक्षकांच्या नोंदी आणि हजेरीचा गोषवारा येतो.

आडव्याचे उभे करणे हे काम अजूनही कित्येक ठिकाणी हाताने होते. तक्त्यात पाहायचे, कार्डावर उतरवायचे. चाळीस मुले आणि नऊ विषय धरले तर तीनशे साठ श्रेणी उतरवायच्या असतात, आणि त्याही सुट्टी लागण्याच्या आदल्या दोन दिवसांत. तक्त्यावर नजर एक ओळ खाली घसरली की एका मुलीची गणिताची श्रेणी दुसरीच्या कार्डावर जाते आणि ती चूक पकडायला कार्डावर काहीही खूण नसते. एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस यांपैकी काहीही शाळेत असेल तर हे उतरवणे टाळता येते. पण संगणकाच्याही स्वतःच्या चुका असतात आणि त्या हाताच्या चुकांपेक्षा वेगळ्या जागी लपतात. त्या कुठे लपतात ते इथे एका उदाहरणाने नीट पाहू.

उदाहरण महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या सहावीच्या वर्गाचे घेऊ. शिक्षणहक्क कायद्यानंतर राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. त्यासाठी ऑगस्ट 2010 मध्ये निघालेल्या शासन निर्णयाने मूल्यमापनाचे दोन भाग केले. सत्रभर चालणाऱ्या निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशा गोष्टींचे ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होते ते संकलित. सहावीला दोन्हींना पन्नास-पन्नास गुण. संकलितातले दहा तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि चाळीस लेखी परीक्षेचे. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना लेखी परीक्षा नाही, त्यांचे शंभर गुण पूर्णपणे आकारिक. एकूण गुणांवरून श्रेणी ठरते. 91 ते 100 ला अ-1, 81 ते 90 ला अ-2, 71 ते 80 ला ब-1, 61 ते 70 ला ब-2, 51 ते 60 ला क-1, 41 ते 50 ला क-2, 33 ते 40 ला ड, 21 ते 32 ला इ-1 आणि 20 किंवा त्याहून कमी असेल तर इ-2. अनेक शाळा पालकांच्या हाती जाणाऱ्या पत्रकात गुण न छापता फक्त श्रेणी छापतात.

आता चाळीस मुलांच्या वर्गातली एक मुलगी घेऊ. तिचा जनरल रजिस्टरचा नंबर 4127 आहे असे समजा. मराठीत तिला आकारिकचे 43, तोंडीचे 9 आणि लेखीचे 32 गुण आहेत. इंग्रजीत 36, 7 आणि 20. गणितात 41, 9 आणि साडेतीस. समाजशास्त्राच्या लेखी परीक्षेला ती तापाने आलीच नाही, त्यामुळे तिथे 39, 8 आणि पुढे काहीच नाही. बाकीचे विषय सरळ आहेत, ते बाजूला ठेवू.

सुरुवात कार्डापासून नव्हे तर तक्त्यापासून करायची. `Marks` नावाच्या शीटमध्ये पहिल्या रकान्यात रजिस्टर नंबर आणि दुसऱ्यात नाव. हजेरी क्रमांकाऐवजी रजिस्टर नंबर घेण्याला कारण आहे. वर्षाच्या मध्ये एखादे मूल दाखला घेऊन गेले किंवा नवे आले की हजेरी क्रमांक सरकतात. नावही भरवशाचे नाही, कारण एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली सहज असतात. रजिस्टर नंबर मात्र मूल त्या शाळेत असेपर्यंत बदलत नाही. पुढच्या रकान्यांची नावे ठरावीक पद्धतीने ठेवायची: मराठी-आ, मराठी-तों, मराठी-ले, मग हिंदी-आ, हिंदी-तों, हिंदी-ले आणि असेच पुढे. सहा विषयांचे अठरा रकाने, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचा एकेक, असे एकवीस रकाने होतात.

दुसऱ्या शीटवर कार्ड मांडायचे. वर `F2` या सेलमध्ये रजिस्टर नंबर. सातव्या ओळीत शीर्षके आ, तों, ले. आठव्या ओळीपासून पहिल्या रकान्यात विषयांची नावे. मराठीच्या ओळीत आकारिकच्या सेलमध्ये हा एक फॉर्म्युला जातो:

```
=INDEX(Marks!$A$2:$AH$41,
  MATCH($F$2, Marks!$A$2:$A$41, 0),
  MATCH($A8&"-"&B$7, Marks!$A$1:$AH$1, 0))
```

यात `INDEX` तक्त्यातल्या एका चौकोनातले मूल्य उचलून आणतो. कोणत्या ओळीतले ते पहिला `MATCH` सांगतो, कारण तो `F2` मधला नंबर तक्त्यात शोधतो. कोणत्या रकान्यातले ते दुसरा सांगतो: तो विषयाचे नाव आणि वरचे शीर्षक जोडून "मराठी-आ" असा शब्द तयार करतो आणि तो तक्त्याच्या पहिल्या ओळीत शोधतो. शेवटचे शून्य म्हणजे तंतोतंत तेच हवे, जवळपासचे चालणार नाही. हाच फॉर्म्युला उजवीकडे आणि खाली ओढला की सहाही विषयांचे तिन्ही भाग भरतात. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांच्या ओळीत तो फक्त पहिल्या रकान्यात ठेवायचा. `F2` मध्ये 4127 च्या जागी 4128 लिहिले की त्याच पानावर दुसरे मूल येते.

इथे एखाद्या चौकोनात `#N/A` आले तर त्या चुकीचे आभार मानायला हवेत, कारण ती दिसते. बहुतेक वेळा कारण असते ते तक्त्यात "गणित-आ" च्या शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागा, किंवा एका ठिकाणी "सामान्य विज्ञान" आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते "विज्ञान". दुरुस्ती मिनिटभराची असते. खरी काळजी आहे ती न दिसणाऱ्या चुकांची.

त्यातली पहिली आणि सगळ्यांत वाईट चूक मोकळ्या चौकोनाची. तक्त्यात समाजशास्त्राच्या लेखीचा चौकोन रिकामा आहे, कारण मुलगी परीक्षेला नव्हती. एक्सेलमध्ये `INDEX` रिकामा चौकोन उचलतो तेव्हा कार्डावर रिकामे येत नाही, शून्य येते. मग 39 अधिक 8 अधिक 0 म्हणजे 47, आणि श्रेणी क-2. तापाने घरी राहिलेली मुलगी कार्डावर समाजशास्त्रात कच्ची ठरते. आकडा असा बेमालूम दिसतो की कोणाला शंकाही येत नाही. तिने आतापर्यंत दिलेल्या साठ गुणांपैकी 47 मिळवलेत हे कार्ड सांगतच नाही.

यावर उपाय कार्डावर नाही, तक्त्यात आहे. गुणांच्या एकवीस रकान्यांत एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही. मूल आले आणि काहीच लिहिले नाही तर 0, आलेच नाही तर "गैरहजर" असा पूर्ण शब्द. तक्ता पूर्ण भरला की बाजूच्या सेलमध्ये हे तपासायचे:

```
=COUNTBLANK(Marks!C2:W41)
```

उत्तर शून्य येईपर्यंत कार्डांकडे वळायचे नाही. आणि कार्डावरची बेरीज अशी करायची की तिन्ही आकडे असतील तरच ती होईल:

```
=IF(COUNT(B8:D8)=3, ROUND(SUM(B8:D8),0), "")
```

`COUNT` फक्त आकडे मोजतो, शब्द मोजत नाही. "गैरहजर" आले की मोजणी दोनच भरते, बेरजेची जागा मोकळी राहते आणि श्रेणीचीही. पालकांना पानावर स्पष्ट दिसते की लेखी परीक्षेला मूल हजर नव्हते. पुन्हा चाचणी घ्यायची की काय ते शाळा ठरवेल. ती घेतली की त्या शब्दाच्या जागी गुण लिहिले आणि कार्ड आपोआप पुरे झाले. लेखी नसलेल्या तीन विषयांच्या ओळींत अर्थातच एकच आकडा असतो, तिथे तिनाच्या जागी एक लिहायचा.

हाच `COUNT` आणखी एक चूक पकडतो आणि ती मराठी शाळांत विशेष होते. कोणी एका विषयाचे गुण देवनागरी आकड्यांत टंकले आणि ते संगणकाने मजकूर म्हणून घेतले, तर नुसती `SUM` कुरकुर न करता तेवढे आकडे वगळून बेरीज देते. डोळ्यांना एक खूण दिसते: आकडा चौकोनात उजव्या कडेला टेकतो, मजकूर डाव्या कडेला. एखाद्या रकान्यातले दोन-तीन आकडे डावीकडे चिकटलेले दिसले तर ते पुन्हा टंकावेत.

आता गणित. 41 अधिक 9 अधिक साडेतीस म्हणजे साडेऐंशी. श्रेणी शोधायला `Grades` नावाची छोटी शीट करायची. तिच्या पहिल्या रकान्यात प्रत्येक श्रेणीची खालची हद्द, दुसऱ्यात श्रेणी: 0 ला इ-2, 21 ला इ-1, 33 ला ड, 41 ला क-2, 51 ला क-1, 61 ला ब-2, 71 ला ब-1, 81 ला अ-2, 91 ला अ-1. लहानाकडून मोठ्याकडे हाच क्रम हवा. शासन निर्णयात तक्ता अ-1 पासून खाली येतो म्हणून तो तसाच उतरवला तर उत्तरे चुकतात. मग कार्डावर:

```
=IF(E8="", "", VLOOKUP(E8, Grades!$A$2:$B$10, 2, TRUE))
```

शेवटचे `TRUE` म्हणजे तंतोतंत सापडले नाही तर त्याच्या लगतची खालची हद्द घे. 84 दिले की तो 81 वर थांबतो आणि अ-2 देतो. आपल्याला हवे तेच.

पण साडेऐंशीचे काय? ते 81 पर्यंत पोचत नाहीत, म्हणून 71 च्या घरात राहतात, श्रेणी ब-1. आणि बेरजेच्या रकान्यात दशांश दिसू नयेत म्हणून कोणी फक्त दिसण्यापुरते पूर्णांक केले असतील तर कार्डावर छापले जाते 81. म्हणजे एकाच ओळीत 81 आणि ब-1. शेजारच्या मुलाला खरेच 81 आहेत, त्याच्या कार्डावर अ-2. दोन पालक शेजारी उभे राहिले की शाळेला उत्तर देता येत नाही, कारण पानावर दोघांचे आकडे सारखे आहेत. वरच्या बेरजेत `ROUND` टाकला आहे तो यासाठी. अर्धा गुण वर धरायचा की सोडायचा हा निर्णय शाळेने सत्राच्या आधी करावा आणि सगळ्या वर्गांना एकच ठेवावा. पण जो आकडा छापला जातो त्याच आकड्यावरून श्रेणी निघाली पाहिजे. गोल करणे हिशेबात व्हावे, नुसते दिसण्यात नव्हे. `ROUND` अर्धा वर धरतो, म्हणून या मुलीला 81 आणि अ-2.

काही शाळा खाली एकूण श्रेणीही देतात, सगळ्या विषयांच्या सरासरीवरून. तिथेही तीच खबरदारी लागते. `AVERAGE` मोकळे चौकोन वगळून उरलेल्यांची सरासरी काढतो. या मुलीचे समाजशास्त्र वगळून आठ विषयांची सरासरी निघेल आणि ती नऊ विषयांची म्हणून छापली जाईल. म्हणून नऊही विषयांत आकडे असतील तरच एकूण श्रेणी निघू द्यावी.

इथपर्यंत सगळे काम हिशेबाचे आहे आणि ते संगणकाने करावे हे बरेच. नोंदींचे तसे नाही. आपल्या पत्रकात वर्णनात्मक नोंदींचे तीन भाग रूढ आहेत: विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. श्रेणीला जोडून नोंदही आपोआप यावी अशी सोय करणे अगदी सोपे आहे. `Grades` शीटमध्ये तिसरा रकाना करायचा, अ-1 समोर "अतिशय उत्तम", ब-2 समोर "चांगली प्रगती", ड समोर "अधिक परिश्रम हवेत". काही मिनिटांत चाळीस कार्डे भरतात. माझे म्हणणे आहे की हे करूच नये. अशी नोंद श्रेणीपेक्षा वेगळे काहीही सांगत नाही. ब-2 हेच ती शब्दांत पुन्हा लिहिते. पालकांनी ती वाचून काय करावे?

या मुलीचे इंग्रजी पाहा. एकूण 63, श्रेणी ब-2, ठीकठाक. पण तोंडीत दहापैकी 7 आहेत आणि लेखीत चाळीसपैकी 20. बोलण्यात सत्तर टक्के, लिहिण्यात पन्नास. ऐकलेले तिला कळते, उत्तर ती बोलून देऊ शकते, कागदावर मात्र अडते. श्रेणीच्या एका अक्षराआड हे झाकले जाते. वर्गशिक्षिकेने उत्तरपत्रिका उघडून पाहिली तर आणखी कळेल: वाक्ये अर्धी आहेत की स्पेलिंगे चुकली आहेत, की उतारा वाचायलाच वेळ पुरला नाही. मग नोंद अशी होईल: "इंग्रजी गोष्ट ऐकून प्रश्नांची उत्तरे बोलून देते. तेच उत्तर लिहिताना वाक्य अर्धवट सोडते. रोज चार-पाच पूर्ण वाक्ये लिहून घ्यावीत." ही नोंद आईला संध्याकाळी उपयोगी पडते. फॉर्म्युला इथवर पोचू शकत नाही. तो फक्त बोट दाखवू शकतो: `Marks` शीटमध्ये तोंडी आणि लेखीच्या टक्केवारीत मोठा फरक असलेले चौकोन रंगवून द्यावेत, आणि शिक्षिकेने त्या मुलांच्या वह्या आधी उघडाव्यात. चाळीस मुलांना चाळीस वेगळ्या नोंदी लिहायला वेळ लागतो हे खरे, पण उतरवण्याचे काम वाचले तो वेळ इथेच घालायचा आहे.

नोंदी लिहायच्या त्याही कार्डावर नाहीत, तक्त्यातच, शेवटच्या तीन रकान्यांत. कार्डावर त्या त्याच `INDEX` ने येतात. इथे मोकळ्या चौकोनाचा त्रास पुन्हा डोके वर काढतो. "सुधारणा आवश्यक" रिकामे सोडले असेल तर एक्सेलमध्ये कार्डावर त्या शीर्षकाखाली एक भले मोठे 0 छापले जाते. नोंदीचे रकानेही वरच्या `COUNTBLANK` मध्ये घ्यावेत. दुसरा त्रास जागेचा. कार्ड देखणे दिसावे म्हणून नोंदीसाठी चार-पाच चौकोन जोडून एक करतात आणि एक्सेल अशा जोडलेल्या चौकोनाची उंची मजकुराप्रमाणे आपोआप वाढवत नाही. पडद्यावर दोन ओळी दिसतात, तिसरी आत दडून राहते, आणि छापल्यावर वाक्य "रोज चार-पाच पूर्ण" इथेच तुटते. यावर साधी युक्ती अशी की `LEN` वापरून वर्गातली सगळ्यांत लांब नोंद कोणाची ते शोधायचे, त्या मुलाचे कार्ड उघडायचे आणि ती नोंद पूर्ण दिसेल एवढी उंची हाताने ठरवून द्यायची. सगळ्यांत लांब मावली की बाकीच्या मावतातच.

हजेरीचा गोषवारा हा कार्डाचा सगळ्यांत दुर्लक्षित कोपरा. हजेरीपटावर महिन्याच्या शेवटी प्रत्येक मुलाचे हजर दिवस काढलेले असतात, ते फक्त आणायचे असतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात किमान 220 दिवस शाळा भरायला हवी, पहिली ते पाचवीला 200. ते दिवस महिन्यांत सारखे वाटलेले नसतात. जूनमध्ये शाळा अर्ध्या महिन्यातच सुरू होते, ऑक्टोबरमध्ये दिवाळीची सुट्टी लागते. म्हणून महिन्यांच्या टक्केवारीची सरासरी काढली की उत्तर चुकते. या मुलीचे पहिले सत्र असे धरू: जूनमध्ये 13 पैकी 4 दिवस, कारण कुटुंब गावाहून उशिरा परतले; जुलैत 26 पैकी 24; ऑगस्टमध्ये 23 पैकी 22; सप्टेंबरमध्ये 24 पैकी 23; ऑक्टोबरमध्ये 18 पैकी 16. पाच महिन्यांच्या टक्केवारीची सरासरी काढली तर 81 येते. पण ती एकूण 104 दिवसांपैकी 89 दिवस आली, म्हणजे 86 टक्के. फरक पडला तो जूनच्या तेरा दिवसांना जुलैच्या सव्वीस दिवसांइतके वजन मिळाल्यामुळे. हजर दिवसांची बेरीज भागिले कामाच्या दिवसांची बेरीज, एवढेच करायचे:

```
=ROUND(100*SUM(B22:F22)/SUM(B21:F21), 0)
```

इथे एकविसाव्या ओळीत कामाचे दिवस आहेत आणि बाविसाव्या ओळीत हजर दिवस. नुसती टक्केवारी छापून भागत नाही. महिन्यांच्या त्या दोन ओळीही पानावर ठेवाव्यात. 86 टक्के वाचून काहीच कळत नाही, जूनचे 4 पाहिल्यावर मात्र वर्गशिक्षिकेला आणि पालकांनाही कळते की जूनमध्ये वर्गात जे शिकवून झाले ते हिचे राहून गेले आहे. आणखी एक काळजी ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या मुलाची. त्याच्यासाठी जून-जुलैच्या कामाच्या दिवसांच्या जागी शून्य हवे, वर्गाचे 39 नव्हेत. नाही तर नवे मूल पहिल्याच कार्डावर दांडीबहाद्दर ठरते. म्हणजे कामाचे दिवस वर्गाचे म्हणून एकदाच न लिहिता प्रत्येक मुलाच्या ओळीत लिहावे लागतात.

छापताना बऱ्याच शाळा वर्डमधला मेल मर्ज वापरतात, कारण तिथे चौकट, बोधचिन्ह, सह्यांच्या जागा हव्या तशा मांडता येतात. त्यासाठी श्रेणी आणि टक्केवारी प्रत्येक मुलाच्या ओळीतच काढून ठेवावी लागते. मर्ज एक्सेलमधला दिसणारा आकडा घेत नाही, आतला मूळ आकडा घेतो. एक्सेलमध्ये 86% दिसणारी हजेरी वर्डमध्ये 0.855769 अशी उतरते. वर `ROUND` करून साधा आकडा ठेवला आहे तो इथेही कामी येतो.

छापण्याआधी तपासणी करताना कोणतीही तीन कार्डे उचलून चालत नाही. ज्या कार्डांवर चूक होण्याची शक्यता आहे तीच घ्यावीत: एक परीक्षेला गैरहजर असलेल्याचे, एक अर्ध्या गुणावर अडलेल्याचे, एक वर्षाच्या मध्ये आलेल्याचे. ती मूळ उत्तरपत्रिका आणि हजेरीपट यांच्याशी ताडून पाहावीत, तक्त्याशी नव्हे. कारण एक चूक अशी आहे की ती तक्त्यातच होते आणि कोणताही फॉर्म्युला ती पकडू शकत नाही. कोणी नावे अकारविल्हे लावायला गेले, पण क्रम लावताना सगळे रकाने न निवडता पहिले दोनच निवडले, तर नावे हलतात आणि गुण जागेवर राहतात. त्यानंतर सगळी कार्डे बिनचूक दिसतात आणि सगळी दुसऱ्या कोणाची तरी असतात. म्हणून तक्ता एकदा उत्तरपत्रिकांशी पडताळून झाला की त्या शीटला पासवर्ड लावून कुलूप घालावे. शिवाय प्रत्येक विषयात कोणत्या श्रेणीला किती मुले आहेत ते `COUNTIF` ने मोजून त्यांची बेरीज करावी. ती बेरीज अधिक गैरहजर मुले मिळून पट यायला हवा. समाजशास्त्रात बेरीज 39 आली आणि एक मूल गैरहजर आहे, तर हिशेब जुळला.

कार्डे पालकांना दिल्यावर त्यांची पीडीएफ प्रत सत्र आणि तारीख घालून वेगळी ठेवावी, आणि दुसऱ्या सत्रासाठी तक्त्याची नवी फाइल करावी. त्याच तक्त्यात दुसऱ्या सत्राचे गुण भरले तर पहिल्या सत्राचे कार्ड उघडल्यावर त्यातही नवे गुण दिसतील, आणि एप्रिलमध्ये एखाद्या पालकाने ऑक्टोबरचे कार्ड हातात घेऊन काही विचारले तर शाळेकडे दाखवायला जुने काहीच उरलेले नसेल.